स्लॅबच्या सकाळचा कागद : फोरमनच्या ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

«स्लॅबच्या दिवशी इंजिनिअरची चेकलिस्ट म्हणजे वेळकाढूपणा. सळई आराखड्यापेक्षा थोडी जास्तच टाका, कव्हरला खडीचे तुकडे चालतात, टेकू हलत नसले की सेंट्रिंग ठीक, पाइपने पाणी मारले की सफाई झाली, आणि माणसे जास्त लावून दुपारपर्यंत उरकले की स्लॅब पक्का.»

मिस्त्री, हा संदेश निपाणीपासून खानापूरपर्यंत बहुतेक साइटवर पोहोचला आहे आणि तुमच्याही फोनवर आला असेल. येत्या स्लॅबला बाल्कनी आहे, म्हणून तिलाच समोर ठेवून उत्तर लिहितो.

पहिला मुद्दा सळईचा. बाल्कनी भिंतीबाहेर लोंबती असते; तिच्यावर वजन आले की वरचा भाग ताणला जातो, म्हणून तिची मेन सळई वरच्या बाजूला असते. आपल्या बाल्कनीची जाडी 125 मिमी आहे. ती पावसात उघडी राहणार असल्याने वरचे कव्हर 30 मिमी धरले आहे आणि मेन सळई 10 मिमीची, 150 मिमी अंतराने आहे. म्हणजे खालच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंत 90 मिमी उंची मिळते, आणि ताकदीचा हिशेब याच उंचीवर चालतो. काँक्रीट ओतताना जाळीवर पाय पडून ती 30 मिमी खाली बसली, तर 60 मिमीच उरतात आणि बाल्कनीची वाकण सोसण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. सळईचे वजन तेवढेच, बिलही तेवढेच, पण ती चुकीच्या उंचीवर. जास्तीची सळई घालून ही तूट भरून काढण्याचा विचार करू नका, कारण ती सळईसुद्धा त्याच पायाखाली दबणार आहे. शिवाय बीमच्या तोंडाशी सळया दाटल्या की खडी मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते.

म्हणून कागदावरची पहिली नोंद खुर्च्यांची आहे. बाल्कनीत खालची जाळी नाही, त्यामुळे खुर्ची प्लेटेवर कव्हर ब्लॉक ठेवून त्यावर उभी राहील. 125 मधून वरचे कव्हर 30, मेन सळई 10 आणि तिच्या खालची आडवी सळई 8 वजा केली की 77 मिमी उरतात. ब्लॉक धरून खुर्चीची एकूण उंची तेवढीच हवी. खुर्च्या साधारण एक मीटरवर ठेवा, पण बीमच्या तोंडाशी जवळजवळ घ्या, कारण तिथेच ताण सर्वांत जास्त असतो. तपासायला अवघड नाही: बाजूच्या प्लेटांवर दोरी ताणा आणि दोरीपासून सळईच्या माथ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. ते 30 भरले पाहिजे. 40 पर्यंत चालवून घेता येईल, पण 30 पेक्षा कमी चालणार नाही. ही मोजणी ओतण्याआधी एकदा आणि ओतताना बीमशेजारी पुन्हा करायची आहे. वरची सळई खोलीच्या स्लॅबमध्ये आराखड्यातल्या लांबीपर्यंत आत गेली आहे ना, हेही त्याच फेरीत पाहा, कारण आत पुरेशी धरली गेली नाही तर उंची बरोबर असूनही उपयोग नाही.

खडीच्या तुकड्यांना माझा विरोध कंजूषपणावरून नाही. तुकडा कधी 12 मिमीचा असतो, कधी 25 मिमीचा, आणि जाळीवर माणूस चढला की तो आडवा पडतो. मग खोलीच्या स्लॅबची सळई थेट प्लेटेला टेकते. सेंट्रिंग काढल्यावर छतावर सळईची रेघ दिसते, ती याचीच खूण. विटेचा तुकडा त्याहून वाईट, कारण तो पाणी शोषून सळईपर्यंत पोहोचवतो आणि गंजलेली सळई फुगून खालचा थर पाडते. खोलीला 20 मिमीचे काँक्रीटचे ब्लॉक वापरा, तार घालून सळईला बांधा आणि प्रत्येक खोलीत चार-पाच ठिकाणी 20 मिमीची पट्टी सळईखाली सरकवून पाहा. पट्टी अडली की तिथे ब्लॉक घालावा लागेल.

सेंट्रिंगच्या बाबतीत सकाळी टेकू हलत नसणे ही पुरेशी खात्री नाही, कारण तेव्हा त्यावर वजनच नसते. ओले काँक्रीट घनमीटरला सुमारे 2500 किलो भरते, म्हणजे 125 मिमीच्या स्लॅबला चौरस मीटरमागे 310 किलोच्या आसपास. टेकू 1.2 मीटरवर असतील तर एकेका टेकूवर साडेचारशे किलो येतात, आणि माणसे, गाड्या, व्हायब्रेटर यांचे वजन वेगळे. खानापूरकडे पावसानंतर भराव आतून ओला राहतो आणि चिकोडीकडच्या काळ्या मातीत ओल धरली की जमीन मऊ पडते. अशा जागी टेकूखाली रुंद फळी हवी. विटांचा ढीग रचून त्यावर टेकू उभा करू नका. टेकू मधल्या उंचीवर आडव्या पट्ट्यांनी दोन्ही दिशांना बांधा, पाचर ठोकून घट्ट करा, आणि ओतणे सुरू असताना एक माणूस खालीच ठेवा, तोही स्लॅबच्या कडेला सुरक्षित जागी. पाचर सरकलेली किंवा प्लेटेच्या सांध्यातून रस टपकताना दिसला की त्याने हाक द्यायची आणि तेवढ्या भागातले काम थांबवायचे.

सफाईसाठी नुसते पाणी मारले की भुसा, तारेचे तुकडे आणि पाने वाहत जाऊन बीमच्या तळाशी, कॉलमच्या डोक्यावर गोळा होतात, म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी जिथे काँक्रीट एकजीव व्हायला हवे. म्हणून कॉलमजवळ बीमच्या तळाची एक प्लेट धुऊन होईपर्यंत उघडी ठेवा, कचरा तिथून काढा, मग ती बंद करा. तारेचे तुकडे हाताने वेचा, नाहीतर पुढे छतावर गंजाचे डाग उमटतील. तेल प्लेटांना जाळी घालण्याआधीच लावलेले असावे, कारण सळईला तेल लागले की काँक्रीट तिला धरत नाही. बीममध्ये पाणी साचले असेल तर ते काढूनच ओता.

माणसांबाबत माझे म्हणणे असे की जास्त माणसांमुळे वेग वाढतो, पण जाळीवर पावलेही वाढतात. फळ्या स्टँडवर टाकून चालायची वाट करा. ती वाट जाळीवर टेकलेली नसावी. सळईवाल्यांपैकी दोन जण शेवटची पाटी पडेपर्यंत थांबावेत, ज्यांचे काम एवढेच की दबलेली जाळी हुकने उचलून पुन्हा खुर्चीवर बसवायची. सळई बांधून झाली म्हणून त्यांना सुट्टी देऊ नका. दुसरा व्हायब्रेटर चालू करून बघितलेला असावा. आपल्या टोळीत कन्नड बोलणारे गडी बरेच आहेत, तेव्हा जाळीवर पाय न देण्याची सूचना सकाळी दोन्ही भाषांत द्या. बाल्कनीचा भाग जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर घेऊ नका. ती मागच्या खोलीबरोबर एका सलग ओतण्यात झाली पाहिजे, बीमच्या तोंडाशी सांधा नको.

कागदावर तुमची सही घेण्याआधी मी दोरी आणि टेप घेऊन बाल्कनीवर येईन. वरचे कव्हर 30 भरत नसेल तर मिक्सर सुरू होणार नाही, आणि ओतताना जाळी बसलेली तुम्हाला दिसली तर मला विचारत न बसता ओतणे थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे.