टॅरो ‘बोल’ म्हणतं आणि आय चिंग ‘थांब’ म्हणतं, तेव्हा

ग्राहकाचा रिव्ह्यू (5 पैकी 2 तारे): “एकच प्रश्न होता, यंदा त्याच्या घरी लग्नाचं बोलू का? टॅरोत टू ऑफ कप्स, फोर ऑफ पेंटॅकल्स, एट ऑफ वॉन्ड्स आले, म्हणजे लगेच बोल. आय चिंगमध्ये 53 आलं, पाचवी रेषा, म्हणजे तीन वर्षं थांब. मग खरं कुठलं? अजून एकदा नाणी टाकून निकाल लावा म्हटलं तर चक्क नकार. दोन्हींचे पैसे घेऊन गोंधळच हाती दिला.”

आमचं उत्तर:

नमस्कार मॅडम. तुम्ही पानं आणि रेषा नेमक्या लिहून ठेवल्यात, त्यामुळे मोघम न बोलता त्यांच्याचबद्दल लिहिता येतं. तुम्ही रिव्ह्यूत जेवढं लिहिलंय ते आणि पानांच्या-नाण्यांच्या मांडणीपुरतंच इथे घेतो. सेशनमधलं बाकी काही जाहीर लिहिणार नाही.

आधी ‘तीन वर्षं’ या शब्दांबद्दल, कारण सगळा ताण तिथून सुरू झालाय असं मला वाटतं. आय चिंग हा जुना चिनी ग्रंथ आहे, नाणी सहा वेळा टाकून त्यातली सहा रेषांची एक आकृती मिळते, तिला हेक्साग्राम म्हणतात. 53व्या हेक्साग्राममध्ये रानहंस एकेक टप्पा वर चढत जातो. आधी पाण्याचा काठ, मग खडक, पठार, झाड आणि पाचव्या रेषेत टेकडीचा माथा. त्या रेषेचा मजकूर साधारण असा आहे: हंस माथ्याशी पोचतो, बाईला तीन वर्षं मूल होत नाही, शेवटी तिला कोणी अडवू शकत नाही, शुभ. या ग्रंथात ‘तीन वर्षं’ वारंवार येतात. 47व्या हेक्साग्रामच्या पहिल्या रेषेत आहेत, 63व्याच्या तिसऱ्या रेषेतही आहेत, आणि त्यांचा अर्थ सहसा ‘बराच काळ’ असा घेतला जातो. कॅलेंडरवर खूण करायची ती मुदत नव्हे. शिवाय तुमची रेषा सहापैकी पाचवी आहे. चार टप्पे मागे पडलेत. ज्याला सुरुवातच करू नको असं सांगायचंय, त्याला हे चित्र येत नाही.

हेक्साग्रामचा मुख्य मजकूर तर सरळ लग्नाचाच आहे: मुलगी सासरी दिली जाते, शुभ, चिकाटी हिताची. ‘नको’ असं म्हणणारं हेक्साग्राम याच्या लगेच पुढे बसलंय. 54 मध्येही लग्नच आहे, पण तिथे मुलगी दुय्यम स्थानावर जाते आणि पाऊल टाकलं तर अशुभ असं स्पष्ट म्हटलंय. तुम्हाला 53 आलं, म्हणजे रीतीने, टप्प्याटप्प्याने झालेलं लग्न.

आता पानं. आपण मांडलेल्या स्प्रेडमध्ये, म्हणजे पानांच्या मांडणीत, पहिली जागा नात्याची, दुसरी अडथळ्याची आणि तिसरी पुढच्या पावलाची होती. निकालाची जागा त्यात नव्हतीच. एट ऑफ वॉन्ड्स तिसऱ्या जागी पडला. त्याचं चित्र आठवा: आठ काठ्या हवेतून तिरक्या येतायत, खाली नदी आणि मोकळा प्रदेश आहे, माणूस एकही नाही. हे निरोपाचं पान आहे. इथे वेग आहे तो शब्द पोचवण्याला, लग्न उरकण्याला नाही. ‘लगेच बोल’ हे तुम्ही बरोबर वाचलंत. फक्त ‘म्हणजे यंदा होईलच’ हा जो पुढचा भाग त्याला चिकटला, तो पानात नाही. दोन पद्धती भांडतायत असं वाटलं की मी आधी हेच बघतो: दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? तुमच्या प्रश्नात ‘बोलू का’ आणि ‘यंदा’ असे दोन प्रश्न एकत्र होते. पानांनी पहिल्याला उत्तर दिलं, रेषेने दुसऱ्याला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र मधलं पान, आणि रिव्ह्यूत त्याचं फक्त नाव आलंय. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक त्याच्या डोक्यावर आहे, दोन पायांखाली. सोडायला तयार नसलेली ही बैठक अडथळ्याच्या जागी आली. आता 53 कडे बघा. पाचव्या रेषेची जोडी दुसऱ्या रेषेशी असते, एक यांग म्हणजे अखंड, एक यिन म्हणजे तुटक, म्हणून जुळलेली जोडी. मध्ये तिसरी आणि चौथी रेषा येतात आणि भेट लांबते, असंच जुने भाष्यकार या ‘तीन वर्षां’चं कारण सांगतात. अडथळा जोडीत नाही, मधल्यांत आहे. पानंही तेच म्हणतायत: नात्याच्या जागी टू ऑफ कप्स, दोघं समोरासमोर, हातात प्याले, आणि अडथळ्याच्या जागी घट्ट धरून बसलेलं कोणीतरी. ज्या ठिकाणी तुम्हाला दोन उत्तरं दिसली, तिथे मला एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितलेली दिसते.

एक फरक खरोखर उरतो आणि तो मी लपवत नाही. पाचव्या वेळी तिन्ही नाण्यांवर छापा पडला, छाप्याचे प्रत्येकी 3 धरून बेरीज 9, म्हणून ती यांग रेषा बदलून यिन झाली आणि 53 चं 52 झालं. 52 म्हणजे पर्वतावर पर्वत, स्थिर राहणं. एट ऑफ वॉन्ड्स हालचाल सांगतो, 52 थांबायला सांगतं. एकच रेषा बदलत असेल तर तिचा मजकूर आधी धरायचा आणि दुसरं हेक्साग्राम पार्श्वभूमीला ठेवायचं, असा प्रघात आहे. त्याप्रमाणे मी असं वाचतो: निरोप जाऊ द्या, आणि तो गेल्यावर उत्तरासाठी मागे लागू नका. पण हे माझं वाचन आहे. दुसरा वाचक 52 ला जास्त वजन देईल आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

खरा विरोध कसा दिसतो तेही सांगतो. याच तीन पानांसोबत एकही बदलती रेषा नसलेलं 54 आलं असतं, तर ‘पाऊल टाक’ आणि ‘पाऊल अशुभ’ हे थेट समोरासमोर आले असते. तेव्हा मी जुळवाजुळव करत नाही. या दोन्हींच्या आधारावर निर्णय घेऊ नका, असं तोंडावर सांगतो आणि थांबतो.

पुन्हा नाणी न टाकण्याबद्दल. हा आमच्याकडचा पक्का नियम आहे, आणि तो ग्रंथातूनच आलाय. चौथ्या हेक्साग्रामच्या मजकुरातच आहे की पहिल्यांदा विचारलं तर सांगेन, दोनदा-तीनदा विचारणं म्हणजे छळणं, मग सांगणार नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी हिशेब साधा आहे. तीन नाण्यांत प्रत्येक रेषा बदलती येण्याची शक्यता चारात एक, आणि हेक्साग्राम 64. पुन्हा टाकलं असतं तर बहुतेक तिसरंच काहीतरी आलं असतं आणि मनासारखं येईपर्यंत आपण टाकत बसलो असतो. पानं किंवा नाणी त्याच्या घरचे काय म्हणतील ते ठरवत नाहीत, आणि लग्नाची तारीख आम्ही कोणालाच देत नाही.

पैशांबद्दल. तुम्ही बुक केलं ते एकत्र वाचन होतं, आणि त्याचा मुख्य भाग दोन्हींची तुलना हाच आहे. वर लिहिलेलं सगळं, जागांच्या आणि रेषांच्या आकृतीसह, लेखी टिपण म्हणून तुम्हाला पाठवतो. ते वाचून शंका राहिल्या तर अर्धा तास फोनवर बोलू, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नवी पानं काढणार नाही, याच पानांवर आणि याच रेषेवर बोलू. बुकिंगच्या नंबरवर सोयीची वेळ कळवा.