नऊ दिवसांचं व्याज

विमा कंपनीच्या पणजीतल्या शाखेत शिरताना सुरक्षारक्षक वहीत नाव लिहायला लावतो. नाव, गाव, वेळ आणि ‘कामाचे स्वरूप’. मी प्रामाणिकपणे ‘व्याज’ असं लिहिलं. त्याने वही आपल्याकडे वळवून वाचली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि जिन्याकडे बोट केलं. “व्याज? बँक सकयल आसा.”

खाली जायचं नव्हतं, हे त्याला पटवण्यात माझी पाच मिनिटं गेली. विमा कंपनीकडून कुणी व्याज मागायला येतं ही कल्पनाच त्या दारात नवीन असावी.

प्रकरण छोटं आहे. बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन म्हापशाला झालं, पैसे आम्ही भरले आणि नंतर कंपनीकडे मागितले. शेवटचा कागद, म्हणजे हॉस्पिटलची मूळ पावती, मी 3 जून 2025 ला पोचता केला आणि पोच घेतली. मंजूर रक्कम 1 लाख 46 हजार खात्यात आली ती 21 ऑगस्टला, चवथीच्या सहा दिवस आधी. मधल्या काळात ट्रॉलरांची मासेमारीबंदी 31 जुलैला संपून होड्या समुद्रात गेल्या, बांगडा स्वस्त झाला, माटोळीचं सामान बाजारात आलं. माझा दावा मात्र ‘प्रक्रियेत’. एकूण 79 दिवस. समुद्राची बंदीसुद्धा 61 दिवसांत संपते.

आता, आरोग्य विम्याच्या अशा दाव्यावर होय की नाही ते 15 दिवसांत सांगायचं, असा विमा नियामकाचा नियम आहे. आधी 30 दिवस होते, 2024 मध्ये मुदत निम्मी केली. उशीर झाला तर बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्त दराने व्याज, आणि ते माझ्या पॉलिसीच्या पुस्तिकेतही छापलंय. बँक रेट म्हणजे रिझर्व्ह बँकेचा, दावा ज्या आर्थिक वर्षातला त्या वर्षाच्या सुरुवातीचा. 1 एप्रिल 2025 ला तो 6.50 होता, म्हणून माझा दर 8.50. मी हिशेब करून नेला होता: 2,686 रुपये. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आमचे याहून जास्त गेले. पण प्रश्न तत्त्वाचा होता, असं मी बायकोला सांगितलं. तिने “बसभाडं किती जाईल?” एवढंच विचारलं.

खिडकीमागची बाई तरुण आणि सौजन्यशील होती. यंत्रावर बोटं नाचवून तिने सांगितलं, “तुमचं व्याज होतं 306 रुपये.”

हा आकडा कुठून आला, हे मी विचारायच्या आत शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “दाखय पळोवया.”

आवाजाचे मालक सत्तरीचे. अंगात पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बर्फातले बांगडे. हे गृहस्थ स्कूटरचा विमा नव्याने करायला आले होते. त्यांचा नंबर माझ्यानंतरचा असल्याने माझं काम लवकर उरकणं त्यांच्या बांगड्यांसाठी गरजेचं होतं. पण त्यांनी ते उरकू दिलं नाही. आयुष्य एका पतसंस्थेच्या वसुली खात्यात गेलेलं. कुणाच्याही व्याजाची चर्चा कानावर आली की त्यांच्यात काहीतरी जागं होत असणार. (पुढचं संभाषण कोकणीतून झालं, इथे मराठीत लिहितो. कोकणीत ते जास्त अपमानास्पद होतं.)

“कुठल्या दिवसापासून मोजलंस, बाय?”

बाईने सांगितलं: कंपनीने 24 जुलैला आणखी एक कागद मागवला होता, हॉस्पिटलमध्ये खाटा किती याचं पत्र. ते 28 जुलैला आलं, म्हणजे शेवटचा कागद तो. तिथून 15 दिवस कंपनीचे. उरले 9 दिवस, त्याचे 306.

“कंपनीचे 15 दिवस कसे?” म्हातारबा पुढे सरकले. पिशवीतून एक थेंब माझ्या पुस्तिकेवर पडला. “आमच्या सोसायटीत हप्ता एक तारखेचा, भरायला पाच तारखेपर्यंत सवलत. पाच तारखेच्या आत भरलास तर व्याज नाही. सहा तारखेला आलास तर व्याज सहाचं की एकपासूनचं?”

बाई गप्प.

“एकपासूनचं! सवलत वेळेवर येणाऱ्याला. उशिरा येणाऱ्याला कसली सवलत? याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच.”

तिने वाचलं. शेवटचा आवश्यक कागद मिळाल्या तारखेपासून पैसे दिल्याच्या तारखेपर्यंत, असंच होतं. तिच्याच खाटांच्या पत्रापासून धरलं तरी 9 नाही, 24 दिवस होत होते. 306 चे 816 झाले. मी विजयी मुद्रेने बसलो. म्हातारबांनी मला कोपर मारलं. “तू काय हसतोस? ‘आवश्यक’ वाचलंस?”

मी वाचलं नव्हतं. दोन महिने पुस्तिका घेऊन फिरलो, पण वाचलं नव्हतं.

हॉस्पिटल कशाला म्हणायचं, त्याची व्याख्या त्याच पुस्तिकेत आहे. सरकारदरबारी नोंदणी असेल तर ते हॉस्पिटल. नोंदणी नसेल तर बाकीच्या अटी बघायच्या, त्यांत खाटांची अट: दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात 10, मोठ्या शहरात 15. म्हाताऱ्याने माझं बिल उलटं करून डोळ्यांजवळ धरलं. वर, हॉस्पिटलच्या नावाखाली, नोंदणी क्रमांक. हे बिल कंपनीकडे कधी गेलं? 3 जूनला, पावतीबरोबर.

“मग खाटा मोजून काय करणार होता?” त्यांनी बाईला विचारलं. “झोपायचं होतं?”

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. 24 जुलै म्हणजे 3 जूननंतरचा एक्कावन्नावा दिवस. 15 दिवसांची मुदत उलटून महिना होऊन गेल्यावर कुणीतरी एक कागद मागतं, आणि त्या कागदाने घड्याळ शून्यावर येतं. मी तेव्हा निमूटपणे हॉस्पिटलच्या पायऱ्या चढून ते पत्र आणलं, वर त्यांना “धन्यवाद” असा ईमेलही केला. आपणच आपल्या व्याजावर पाणी सोडतोय, हे तेव्हा कळलं नाही. ज्यांच्या हातात पुस्तिकासुद्धा नसते आणि शेजारी बांगडेवाले म्हातारबाही नसतात, त्यांच्या घड्याळाचं काय होत असेल?

बाई म्हणाली, हा निर्णय वरचा आहे, लेखी तक्रार द्या. दिली. 816 आठवड्याभरात आले. उरलेल्या 1,870 साठी खाटांचं पत्र अनावश्यक होतं असं मी सविस्तर लिहिलं, पुस्तिकेतलं ते पान स्कॅन करून जोडलं, आणि महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाईन अशी धमकीही घातली. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बायकोचा बसभाड्याचा मुद्दा मी आता असाच खोडतो.

काल कंपनीचं उत्तर आलं. जोडलेलं पान अस्पष्ट आहे, कलमाच्या मजकुरावर डाग दिसतो, कृपया सुवाच्य प्रत पाठवावी. मी स्कॅन मोठं करून पाहिलं. डाग नव्हता, बांगड्याचं खवलं होतं, नेमकं ‘आवश्यक’ या शब्दावर.