फिरायला आपण, पगार कट मावशींचा!

मे महिना आला का आमच्या सोसायटीत हेच सुरू होते बाप्पा. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीतून पळून लोक पंधरा दिवस मनालीला जातात न कामवाल्या मावशींना सांगतात, या महिन्याचे अर्धेच पैसे घ्या! म्हणजे महिन्याचे २४०० ठरले, तर सरळ १२०० कट. अरे सुट्टी तुम्ही घेतली न, त्या तर यायला तयार होत्या, अन् पंधरा दिवसांसाठी दुसरं घर कोण देणार त्यांना? स्वतःला मात्र पेड लीव्ह पाहिजे. आणि दिवाळीत आठ पाहुणे येऊन राहतात, भांडी डबल होतात, तेव्हा हे कॅल्क्युलेटर कुठं जाते? २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला राज्यात, पण त्यांची नोंदणी झाली का हे यांच्यापैकी कोणी विचारतसुद्धा नाही.