भाडं खर्चात की कर्जात? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "सर, लेख वाचला, पण पटला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आमची फर्म वीस वर्षं भाड्याच्या शेडमध्ये आहे. भाडं दिलं की खर्च टाकला, विषय संपला. शेडमालकाला आम्ही देणं लागतो ते फक्त चालू महिन्याचं. पुढच्या पाच वर्षांचं भाडं आजच कर्ज म्हणून दाखवायचं, वर त्यावर व्याज मोजायचं, हा सीए लोकांनी काढलेला कागदी खेळ आहे. रोख तर तेवढीच जाते. मग बँकेला का फरक पडावा?"

नमस्कार. तुमच्या फर्मपुरतं बोलायचं तर तुमची पद्धत चालू ठेवा. हा नियम, म्हणजे भाडेकरारांच्या हिशेबाचं लेखामानक इंड एएस ११६, १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे, पण तो शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना आणि त्यांच्या उपकंपन्यांना. भागीदारी फर्मला तो लागत नाही. मात्र ही उपकंपनीची गोष्ट बेळगावात महत्त्वाची आहे. मच्छे किंवा होनग्यातला एखादा मशिनशॉप दिसायला तुमच्याएवढाच असेल, पण त्याचे बहुतांश शेअर्स पुण्याच्या एखाद्या लिस्टेड कंपनीने घेतले की त्याच्या भाड्याचा हिशेब बदलतो. शेड तीच, मालक तोच, भाडं तेच. माझा लेख अशा युनिटसाठी होता, आणि इथेही उदाहरण तशाच युनिटचं घेतो.

समजा शेडचा करार पाच वर्षांचा आहे आणि भाडं वर्षाला २४ लाख. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडं वर्षाअखेर एकरकमी दिलं असं धरू. करार मधेच मोडता येत नाही. याच मुदतीचं कर्ज याच युनिटला बँकेकडून १० टक्क्यांनी मिळालं असतं, म्हणून तोच दर धरायचा. या दराने पाच वर्षांच्या भाड्याची आजची किंमत ९०.९८ लाख येते. पहिल्याच दिवशी ताळेबंदात एका बाजूला ९०.९८ लाखांचा शेड वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून येतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच देणं. पुढे त्या हक्कावर दरवर्षी सारखा १८.२० लाख घसारा, आणि देण्यावर व्याज. पहिल्या वर्षाचं व्याज ९.१० लाख. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च २७.३० लाख, भाड्यापेक्षा ३.३० लाखांनी जास्त. दुसऱ्या वर्षी देणं कमी झाल्यामुळे व्याजही कमी होतं आणि खर्च २५.८० लाखांवर येतो. तिसऱ्या वर्षी तो जवळपास भाड्याइतकाच होतो, चौथ्या वर्षी २२.३६ आणि पाचव्या वर्षी २०.३८ लाख. पाच वर्षांची बेरीज केली तर दोन्ही पद्धतींत १२० लाखच.

तेव्हा नफ्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. हा फरक फक्त वेळेचा आहे. ज्या कंपनीकडे वेगवेगळ्या वयाच्या दहा-वीस शेड्स आणि गोदामं आहेत तिथे नव्या करारांचा जादा खर्च आणि जुन्यांचा कमी खर्च एकमेकांत मिसळतो, आणि निव्वळ नफ्यात फरक शोधावा लागतो. आयकरातही यातून काही सुटत नाही, तिथे वजावट भाड्याचीच मिळते. म्हणून नफ्यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

कर्जाचं तसं नाही. करार चालू आहे तोवर ते देणं ताळेबंदात दिसतं, आणि एक करार संपला की युनिट दुसरा करतं. बँकेला फरक पडतो तो इथे. तिचा प्रश्न असा असतो: उद्या ऑर्डर कमी झाल्या, तर या युनिटला कुठले पैसे टाळताच येणार नाहीत? पाच वर्षांचा न मोडता येणारा करार केलेला माणूस शेड रिकामी ठेवली तरी भाडं देणारच. शेजारच्याने कर्ज काढून शेड विकत घेतली असेल तर त्याचा हप्ता जसा टळत नाही, तसंच हे. जुन्या पद्धतीत विकत घेणारा कर्जबाजारी दिसायचा आणि भाड्याने घेणारा मोकळा, दोघांवरचं ओझं सारखं असूनही.

आता बँकेच्या अटींकडे, म्हणजे मंजुरीपत्रातल्या गुणोत्तरांच्या मर्यादांकडे येतो, कारण खरा घोळ तिथे होतो. आपल्या युनिटचं बँकेचं टर्म लोन १५० लाख आणि सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, १०० लाख आहे असं धरा, म्हणजे कर्ज २५०. भाडं वजा केल्यावर, पण व्याज, घसारा आणि कराच्या आधीचा नफा, ज्याला बँकवाले एबिटडा म्हणतात, तो १०० लाख. कर्ज एबिटडाच्या अडीच पट. नव्या पद्धतीत भाड्याची ओळच जाते, त्याच्या जागी घसारा आणि व्याज येतात, आणि ती दोन्ही एबिटडाच्या खाली असतात. म्हणून एबिटडा १२४ होतो. पहिल्या वर्षाअखेर शेडचं देणं ७६.०८ लाख उरलेलं असतं, म्हणून कर्ज ३२६. गुणोत्तर २.६३. थोडं बिघडलं.

पण हेच युनिट आधीच ४०० लाखांच्या कर्जात असतं, तर? जुनं गुणोत्तर ४, नवं ४७६ भागिले १२४, म्हणजे ३.८४. सुधारलं! जास्त कर्जबाजारी युनिट नव्या पद्धतीत जरा बरं दिसतं. कारण असं की शेडचं देणं वार्षिक भाड्याच्या सुमारे ३.१७ पट आहे. जुनं गुणोत्तर याच्या खाली असेल तर नवं वर चढतं, आणि वर असेल तर खाली येतं. "नव्या नियमाने कर्ज वाढतं म्हणून अटी मोडतात" असं सरसकट सांगणाऱ्याने हा भागाकार करून पाहिलेला नसतो.

आणि हा पट ठरतो कराराच्या मुदतीवर. तीच शेड, तेच भाडं, फक्त करार नऊ वर्षांचा केला तर पहिल्या वर्षाअखेर देणं १२८ लाख उरतं आणि अडीचचं गुणोत्तर ३.०५ वर जातं. बँकेची मर्यादा ३ असेल तर अट मोडली. शेडमालकाने भाडं दोन रुपये फुटाने कमी केलं म्हणून लांब मुदतीवर सही करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करायला हवा.

एबिटडाची अट मोठ्या कर्जांत जास्त दिसते. आपल्याकडच्या शाखांत मॅनेजर आधी पाहतो ते टीओएल बाय टीएनडब्ल्यू, म्हणजे बाहेरची एकूण देणी भागिले टँजिबल नेटवर्थ. युनिटचे ८० लाखांचे क्रेडिटर्स धरले तर देणी ३३०, नेटवर्थ २००, गुणोत्तर १.६५. मर्यादा २ असेल तर निवांत. नव्या पद्धतीत देणी ४०६ होतात, पहिल्या वर्षाच्या ३.३० लाख जादा खर्चामुळे नेटवर्थ, कर बाजूला ठेवला तर, १९६.७०, आणि गुणोत्तर २.०६. इथे सुधारण्याची वाटच नाही, कारण वाढतात ती फक्त देणी. त्यात आणखी एक धोका. शेड वापरण्याचा हक्क टँजिबल की इनटँजिबल? बँकेच्या अधिकाऱ्याने तो हाताला न लागणारी मालमत्ता म्हणून नेटवर्थमधून वजा केला, तर हेच गुणोत्तर ३.२८ होतं. देणं पूर्ण मोजायचं आणि त्याच्या समोरची मालमत्ता शून्य धरायची, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. पण मंजुरीपत्रात व्याख्या लिहिलेली नसेल तर वाद घालायला आधार उरत नाही.

करंट रेशोलाही मार बसतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेडच्या देण्यातला पुढच्या वर्षी फिटणारा भाग, इथे १६.३९ लाख, चालू देण्यांत जातो. त्याच्या समोर चालू मालमत्तेत एक रुपयाही वाढत नाही, कारण शेडचा हक्क दीर्घ मुदतीचा. चालू मालमत्ता २८५ आणि चालू देणी २१० असतील तर १.३६ चा रेशो १.२६ वर उतरतो. बँकांना सवयीने १.३३ लागतो.

डीएससीआर, म्हणजे कमाई कर्जाच्या हप्ते-व्याजाच्या किती पट आहे हे सांगणारा रेशो, मात्र उलट फसवतो. नफ्यात घसारा आणि व्याज परत मिळवले की वरची रक्कम २४ लाखांनी फुगते. खाली फक्त बँकेचे हप्ते आणि बँकेचं व्याज धरलं तर रेशो फुकटात सुधारतो. असा सुधारलेला डीएससीआर दिसला की खाली भाडं धरलंय का ते आधी बघा.

यावर "अकरा महिन्यांचा करार करा, मग काही दाखवावं लागत नाही" हा सल्ला सर्रास मिळतो. बारा महिन्यांपर्यंतच्या करारांना सूट आहे हे खरं. पण शेडमध्ये फाउंडेशन घालून सीएनसी मशिन्स बसवली असतील, क्रेनचे गर्डर टाकले असतील, तर अकरा महिन्यांनी कोण उठून जाणार? करार संपवणं दोन्ही बाजूंना खरोखर परवडणारं आहे का, हे ऑडिटर पाहतो, आणि नसेल तर कागदावरची मुदत बाजूला ठेवून खरी मुदत धरायला लावतो. निपाणीत हंगामापुरतं घेतलेलं रिकामं गोदाम असेल तर सूट सहज टिकते. चालू मशिनशॉपला ती टिकवणं अवघड.

तुमची फर्म उद्या कंपनी झाली आणि त्यात एखाद्या मोठ्या कंपनीने बहुमताचा हिस्सा घ्यायचं ठरवलं, तर व्यवहाराच्या आधी बँकेकडे जा. अटींतलं "कर्ज" आणि "एबिटडा" हे आधीच्याच पद्धतीने मोजले जातील, असं एक वाक्य मंजुरीपत्रात घालून घ्या. बँक नाही म्हणाली तर मर्यादा नव्या आकड्यांवर ठरवून घ्या. हे राहून गेलं आणि वर्षाअखेर अट मोडणार असं दिसलं, तर सवलतीचं लेखी पत्र ३१ मार्चच्या आत हातात हवं, मॅनेजरचा तोंडी शब्द पुरत नाही. नाहीतर अट मोडल्यामुळे बँक मागेल तेव्हा फेडायचं म्हणून ते १५० लाखांचं टर्म लोन अख्खं चालू देण्यांत जाऊ शकतं, आणि मग १.२६ चा करंट रेशोही उरत नाही.