बाँडच्या बिलातले ते 2,888.89 कुणाच्या खिशात गेले?

“बाँड कधीही मधल्या तारखेला घेऊ नका. भाव 98.50 दाखवतात आणि 1,01,388.89 कापतात. ‘साठलेलं व्याज’ म्हणजे दलालाचं छुपं कमिशन. कुपन वाटून झाल्यावर घ्या, तेवढे पैसे वाचतात.”

हा दावा तपासायला आधी हिशोब मांडू. 98.50 हा भाव दर 100 दर्शनी किमतीमागे असतो, म्हणजे 1,00,000 दर्शनी किमतीच्या बाँडला 98,500. व्याज वर्षाला 8 टक्के, 1 जानेवारी आणि 1 जुलैला 4,000-4,000 च्या हप्त्यांत मिळणारं; या हप्त्यालाच कुपन म्हणतात. सेटलमेंट, म्हणजे पैसे देऊन बाँड तुमच्या नावावर होणं, 11 मेला झाली. महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचं धरायच्या पद्धतीत 1 जानेवारीपासून 130 दिवस होतात. 8,000 × 130 ÷ 360 = 2,888.89. ही रक्कम 98,500 मध्ये मिळवली की कापलेला आकडा तंतोतंत येतो. या 2,888.89 मध्ये कमिशनला जागाच उरत नाही.

हे पैसे विकणाऱ्याला जातात. 130 दिवस बाँड त्याच्याकडे होता, पण 1 जुलैचं कुपन पूर्णच्या पूर्ण तुमच्या खात्यात येणार. त्या 4,000 मधून आगाऊ दिलेले 2,888.89 वजा केले तर 1,111.11 उरतात, आणि तुमच्या 50 दिवसांचं व्याज नेमकं तेवढंच होतं.

मग 1 जुलैपर्यंत थांबून काय वाचतं? साठलेलं व्याज शून्य होतं हे खरं, पण त्या 50 दिवसांचं व्याजही तुम्हाला मिळत नाही. आगाऊ दिलेली रक्कम 50 दिवस अडकते, एवढाच काय तो तोटा. तोही परताव्याच्या दरात आधीच धरलेला असतो, कारण तो दर एकूण रकमेवरून काढतात.

धोका मात्र आहे, आणि या दाव्यात नेमका तोच नाही. कुपनच्या आधी कंपनी बुडाली तर विकणाऱ्याला दिलेलं व्याज परत मागता येत नाही. म्हणून व्याज थकवलेले बाँड बहुधा साठलेल्या व्याजाशिवायच विकले जातात.

संशय घ्यायचाच असेल तर दिवसांवर घ्या. मोजणी सौदा केल्याच्या नव्हे, सेटलमेंटच्या तारखेपर्यंत होते. बाँडच्या अटींत प्रत्यक्ष दिवस भागिले 365 अशी पद्धत असेल, तर (लीप वर्ष नसताना) दिवस तेच 130, पण व्याज 2,849.32. बिलात 39.57 जास्त दिसले तर विचारायला हवं. काही मुद्दल आधीच परत झालं असेल, तर व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागायला हवं. रेकॉर्ड डेट, म्हणजे कुपन कुणाला द्यायचं हे ठरवणारी तारीख, उलटून गेली असेल तर येणारं कुपन विकणाऱ्यालाच मिळेल. तरीही बिलात पूर्ण साठलेलं व्याज लावलेलं दिसलं, तर पैसे देऊ नका.

आणि दलालाचं छुपं कमिशन शोधायचं तर ते 98.50 मध्ये शोधा. त्याने तोच बाँड 98.10 ला घेतला असेल, तर वरचे 400 त्याचे, आणि बिलात ते वेगळे दिसतीलच असं नाही.