‘अभ्यासक्रम तक्त्यात मांडताना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

> “लेख वाचला. परिच्छेदाचे तुकडे करून चौकटीत भरले की अभ्यासक्रम सुधारतो, हे पटलं नाही. परिच्छेदात विषयाचा ओघ असतो, तक्त्यात तो तुटतो. तासांचे आकडे तर अंदाजपंचेच दिसतात. आणि मंडळाने मंजूर केलेल्या मजकुराला हात लावायचा अधिकार कोणाला आहे? पुस्तकांची यादी शेवटी असतेच, ती घटकागणिक वाटून काय साधलं? – डेटाबेस शिकवणारा एक प्राध्यापक”

सप्रेम नमस्कार. अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रमाचा सलग परिच्छेद घटक, उपविषय, तास आणि पुस्तकं अशा रकान्यांच्या तक्त्यात मांडावा, असं मी त्या लेखात सुचवलं होतं. तुम्ही डेटाबेस शिकवता, म्हणून तोच विषय घेऊन लिहितो. समजा, तीन श्रेयांकांच्या पेपरचा मंजूर मजकूर असा आहे:

> डेटाबेसची संकल्पना, फाइल पद्धतीच्या मर्यादा, ईआर मॉडेल व आकृत्या, रिलेशनल मॉडेल, कीज्, रिलेशनल अल्जिब्रा, एसक्यूएल : डीडीएल, डीएमएल, जॉइन, सबक्वेरी, व्ह्यू इत्यादी, फंक्शनल डिपेंडन्सी, नॉर्मलायझेशन, इंडेक्सिंग, ट्रान्झॅक्शन व गुणधर्म, सीरियलायझेबिलिटी, लॉकिंग, डेडलॉक, रिकव्हरी.

अधिकाराचा मुद्दा आधी घेतो, कारण तुमची ती शंका रास्त आहे. मांडणी बदलणं वेगळं आणि व्याप्ती बदलणं वेगळं. तक्ता करणाऱ्याला फक्त पहिल्याची मुभा आहे. ही सीमा पाळायची एक साधी रीत आहे. मूळ परिच्छेदाची प्रत काढायची आणि प्रत्येक उपविषयावर पेन्सिलीने क्रमांक घालायचा. वरच्या मजकुरात ‘डेटाबेसची संकल्पना’ला १ दिला, तर ‘रिकव्हरी’ला १९ येतो. तक्त्याच्या कच्च्या प्रतीत प्रत्येक उपविषयापुढे तोच क्रमांक ठेवायचा आणि शेवटी १ ते १९ मोजून पाहायचं. एखादा क्रमांक गायब असेल, तर आपण विषय गाळला. क्रमांक नसलेला शब्द तक्त्यात दिसला, तर आपण विषय घुसडला. क्रमांक पुढेमागे झाले असतील, तर क्रम बदलला, आणि तो का बदलला ते मंडळाला सांगावं लागेल.

एवढं केलं की मंजूर मजकुरातली खरी अडचण वर येते. वरच्या परिच्छेदात दोन शब्दांना नक्की जागा देता येत नाही. पहिला ‘इत्यादी’. त्यात ट्रिगर धरायचे का? मजकुरावरून ‘हो’ही म्हणता येतं आणि ‘नाही’ही. दुसरा शब्द एकटा उभा असलेला ‘इंडेक्सिंग’. एक शिक्षक इंडेक्स म्हणजे काय आणि `CREATE INDEX` कधी वापरायचं एवढं सांगून तासाभरात मोकळा होतो. दुसरा बी-प्लस ट्रीमध्ये नोंद घालणं आणि काढणं फळ्यावर सोडवून दाखवतो, त्याला चार तास लागतात. दोघंही अभ्यासक्रमाला धरूनच आहेत. मग प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढली, की पहिल्याच्या वर्गातली मुलं आठ गुणांना मुकतात. तक्ता करणाऱ्याने हे दोन्ही शब्द स्वतः सोडवायचे नाहीत. त्यांची वेगळी टिपणी करून मंडळापुढे ठेवायची, आणि ठराव झाला की तक्त्यात नेमके शब्द लिहायचे.

आता ओघाबद्दल. ‘ईआर मॉडेल व आकृत्या, रिलेशनल मॉडेल’ या दोन शब्दसमूहांमध्ये जो स्वल्पविराम आहे, तिथे पाहा. ईआर आकृतीवरून रिलेशन तयार करणं हा विषयाचा सांधा नेमका तिथे आहे. अनेक-अनेक संबंधासाठी वेगळं रिलेशन का लागतं, एक-अनेक संबंधात फॉरेन की कोणत्या बाजूला जाते, वीक एन्टिटीची की कशी बनते, हे सगळं तिथे येतं. पण परिच्छेदात त्याबद्दल एक शब्द नाही. शिकवणाऱ्याच्या डोक्यात ओघ असतो म्हणून त्याला तो वाचताना जाणवतो. पेपर दोघांत वाटला गेला, तर पहिला आकृत्यांपाशी थांबतो, दुसरा रिलेशनच्या व्याख्येपासून सुरुवात करतो, आणि सांधा कोणीच शिकवत नाही. तक्त्यात त्याला घटक दोनच्या सुरुवातीला जागा आणि एक तास द्यावा लागतो. हा शब्द मूळ मजकुरात नाही, त्यामुळे तोही टिपणीत जाईल.

तक्त्याने ओघ तुटतो अशीही एक तऱ्हा आहे, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. पंचेचाळीस तास, पाच घटक, म्हणून प्रत्येकी नऊ, असा सरळ भागाकार केला की एसक्यूएलचा काही भाग शेजारच्या घटकात ढकलला जातो. तेव्हा आधी सांधे पाहून घटक पाडायचे आणि मग तास मोजायचे. मात्र घटक फार विषमही नकोत. बहुतेक प्रश्नपत्रिकांत घटकागणिक एक प्रश्न आणि गुण सारखे असतात. चार तासांचा आणि पंधरा तासांचा घटक शेजारी ठेवले, तर मुलं पंधरा तासांचा घटक पर्यायात सोडून देतात.

तास अंदाजपंचे ठरवले तर ते चुकणारच. म्हणून विषयाच्या नावाकडे न पाहता फळ्यावर किती उदाहरणं सोडवायची ते मोजावं. नॉर्मलायझेशनचं पाहू. परिच्छेदात तो एक शब्द आहे, ‘डेडलॉक’इतकाच. पण पहिल्या आणि दुसऱ्या नॉर्मल फॉर्मला मिळून एक तास, तिसऱ्याला एक, बीसीएनएफला एक, लॉसलेस विभाजनाला एक आणि पूर्ण उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यायला एक, असे पाच तास होतात. बीसीएनएफला पुरा तास का? `विद्यार्थी, विषय, शिक्षक` असे तीन स्तंभ घ्या. विद्यार्थी आणि विषय मिळून शिक्षक ठरतो, आणि प्रत्येक शिक्षक एकच विषय शिकवतो. यात ‘विषय’ हा एका कॅन्डिडेट कीचा भाग असल्यामुळे रिलेशन तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये बसतं. पण ‘शिक्षक’ एकटा की नसूनही विषय ठरवतो, म्हणून ते बीसीएनएफमध्ये बसत नाही. विभाजन केलं तर माहिती हरवत नाही, पण पहिली डिपेंडन्सी एकाच रिलेशनमध्ये तपासता येत नाही. हे एका बैठकीत मुलांच्या गळी उतरवायचं, तर तास लागतोच. डेडलॉकचं वेट-फॉर ग्राफचं एक उदाहरण घेतलं की बहुतेक काम होतं, म्हणून त्यालाही एकच तास ठेवला.

अशा मोजणीतून तक्ता साधारण असा होतो. कंसातले आकडे कच्च्या प्रतीतले उपविषयांचे क्रमांक आहेत, अंतिम प्रतीत ते काढायचे.

| घटक | उपविषय | घड्याळी तास | मुख्य पुस्तकातलं प्रकरण (आवृत्ती ६ / ७) |
|---|---|---|---|
| १ | डेटाबेसची संकल्पना (१), फाइल पद्धतीच्या मर्यादा (२), ईआर मॉडेल व आकृत्या (३) | ८ | १ व ७ / १ व ६ |
| २ | *ईआरवरून रिलेशन*, रिलेशनल मॉडेल (४), कीज् (५), रिलेशनल अल्जिब्रा (६) | ८ | २, ६ व ७ / २ व ६ |
| ३ | एसक्यूएल : डीडीएल (७), डीएमएल (८), जॉइन (९), सबक्वेरी (१०), व्ह्यू (११), *इत्यादी?* | ११ | ३, ४ / ३, ४ |
| ४ | फंक्शनल डिपेंडन्सी (१२), नॉर्मलायझेशन (१३) | ८ | ८ / ७ |
| ५ | *इंडेक्सिंग : व्याप्ती?* (१४), ट्रान्झॅक्शन व गुणधर्म (१५), सीरियलायझेबिलिटी (१६), लॉकिंग (१७), डेडलॉक (१८), रिकव्हरी (१९) | १० | ११, १४ ते १६ / १४, १७ ते १९ |
| | एकूण | ४५ | |

तिरपे शब्द मंडळाकडे जाणारे आहेत. इंडेक्सिंगला सध्या दोन तास धरलेत. बी-प्लस ट्री पूर्ण घ्यायचा ठरला, तर आणखी दोन तास कुठून काढायचे हेही त्याच बैठकीत ठरायला हवं, नाहीतर बेरीज ४७ होईल.

‘घड्याळी तास’ असं मुद्दाम लिहिलंय. मराठीत ‘चौथा तास कोणाचा?’ म्हणताना आपण तासिका म्हणत असतो. एका थिअरी श्रेयांकाला १५ घड्याळी तास धरले, तर तीन श्रेयांकांचे ४५ होतात. पन्नास मिनिटांच्या तासिकांनी मोजलं, तर त्यांच्या ५४ तासिका होतात. वेळापत्रक लावणाऱ्याने ४५ हा आकडा तासिकांचा समजून घेतला, तर शिकवायला साडेसदतीस तासच उरतात. म्हणजे साडेसात तास गेले, जवळजवळ अख्खा चौथा घटक. हा घोटाळा सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात कळतो, जेव्हा रिकव्हरी ‘घरी वाचा’ म्हणून सोडली जाते. तेव्हा रकान्याच्या शीर्षकात ‘घड्याळी तास’ किंवा ‘तासिका (५० मिनिटं)’ यांपैकी एक स्पष्ट लिहा.

पुस्तकांचा रकाना कशासाठी, ते याच तक्त्यात दिसतं. मुख्य पुस्तक म्हणून सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ धरलंय (यातले सुदर्शन आयआयटी मुंबईचे). ग्रंथालयात सहाव्या आवृत्तीच्या प्रती असतात आणि शिक्षकाच्या हातात सातवी असते, हे अनेक ठिकाणी होतं. आता नुसतं ‘प्रकरण ७’ लिहिलं, तर सहावी उघडणाऱ्या मुलाला ईआर मॉडेल मिळेल आणि सातवी उघडणाऱ्याला नॉर्मलायझेशन. रिलेशनल अल्जिब्रा सहाव्या आवृत्तीत सहाव्या प्रकरणात आहे, तर सातवीत ती दुसऱ्या प्रकरणात आणली आहे. शेवटच्या यादीत पुस्तकाचं एक नाव लिहून हे काही कळत नाही. म्हणून आवृत्ती लिहायचीच, आणि जागा असेल तर क्रमांकाशेजारी प्रकरणाचं नावही.

पण प्रत्येक घटकापुढे पाच-पाच पुस्तकं भरू नयेत. मुख्य पुस्तक एकच ठेवून, जिथे ते कमी पडतं तिथे दुसरं द्यावं. ईआर आकृत्यांच्या जास्त सरावासाठी पहिल्या घटकापुढे एल्मास्री आणि नवाथे यांचं पुस्तक जरूर द्या, पाचव्यापुढे त्याची गरज नाही. दुसऱ्या पुस्तकातली आकृतीची चिन्हं मात्र तपासून घ्या. ईआर मॉडेल मांडणाऱ्या पीटर चेन यांच्या पद्धतीत संबंध हिऱ्याच्या आकारात असतो आणि गुणधर्म लंबवर्तुळात, सिल्बरशात्झच्या अलीकडच्या आवृत्त्यांत गुणधर्म एन्टिटीच्या पेटीतच लिहिलेले असतात. परीक्षेत दोन्ही चालतील की एकच, हे त्या रकान्याखाली एका ओळीत लिहिलं की पेपर तपासणाऱ्यांचे वाद टळतात.

वर्डमध्ये तक्ता करत असाल तर एक खबरदारी घ्या. एकूण तासांसाठी `=SUM(ABOVE)` हे सूत्र घातलं, तर वरचा आकडा बदलल्यावर बेरीज आपोआप बदलत नाही. त्या आकड्यावर क्लिक करून F9 दाबावं लागतं. इंडेक्सिंगचे दोन तास वाढवूनही खाली ४५च छापलेले राहिले, तर तो कागद तसाच मंजुरीला जातो.