पीपीएमचे मायक्रोग्रॅम करताना नुसते हजाराने गुणू नका

“१ पीपीएम म्हणजे सरळ १००० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आकड्याला हजाराने गुणा, झाले.”

हे हवेतील वायूंना लागू नाही. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. पाण्यात १ पीपीएम म्हणजे साधारण एका लिटरमागे १००० मायक्रोग्रॅम, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच असावे. हवेत मात्र पीपीएम हे आकारमानाचे प्रमाण असते, तर मायक्रोग्रॅम हे वजन असते, म्हणून वायूचा रेणुभार विचारात घ्यावाच लागतो. २५ अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला एक मोल वायू २४.४५ लिटर जागा व्यापतो. त्यावरून सूत्र असे:

```
µg/m³ = ppm × 1000 × M ÷ 24.45
```

येथे M म्हणजे रेणुभार. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणुभार ४६ आहे. नोंद ०.०५ पीपीएम असेल, तर ०.०५ × १००० × ४६ ÷ २४.४५ म्हणजे सुमारे ९४ मायक्रोग्रॅम येतात. हजाराने गुणल्यास ५० येतात आणि भारताच्या २००९ च्या मानकातील ८० या चोवीस तासांच्या मर्यादेत हवा बसल्याचा चुकीचा समज होतो. शून्य अंशाला भाजक २२.४१ होतो आणि तीच नोंद सुमारे १०३ भरते, म्हणून तापमान लिहिल्याशिवाय रूपांतर अपुरेच राहते. पीएम २.५ हे कणांचे मिश्रण असल्याने त्याला ठरावीक रेणुभार नाही. त्याचे या सूत्राने पीपीएम करता येत नाहीत.